पहिल्या दिवशी न विचारलेले दोन प्रश्न

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस दिवसभर सह्या करत असतो. बँकेचा फॉर्म, भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म, वारसाचं नाव, पॅन, आधार. मग दुपारी कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि कंपनीचे नियम सांगतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात दोन प्रश्न असतात आणि ते बहुधा कुणीच विचारत नाही. मला रजा कधीपासून मिळेल? आणि कामासाठी खिशातून घातलेले पैसे परत कधी मिळतील? पहिल्याच दिवशी रजेबद्दल विचारलं तर कामचुकार वाटू, पैशाबद्दल विचारलं तर हावरट वाटू, अशी भीती असते. म्हणून हे दोन प्रश्न कुणी विचारण्याआधीच त्यांची उत्तरं देणं हे त्या तासाभराच्या बोलण्याचं खरं काम आहे.

हे बोलणं आयत्या वेळी सुचत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याची संहिता लिहिलेली असते आणि मनुष्यबळ विभागातला माणूस ती समोर ठेवून बोलतो. मी अशा संहिता लिहिते. नियमपुस्तिकेतलं वाक्य जसंच्या तसं वाचलं तर ते कुणाच्याच डोक्यात शिरत नाही, हा माझा सततचा अनुभव आहे. पुस्तिका म्हणते, “पूर्वपरवानगीशिवाय अनुपस्थित राहिल्यास सदर दिवस विनावेतन समजण्यात येतील.” ऐकणाऱ्याला यातून एवढंच कळतं की कंपनी कडक आहे. नेमकं काय करायचं ते कळत नाही. संहितेत तोच नियम असा येतो:

“सकाळी उठलात आणि अंगात ताप आहे. अशा वेळी फॉर्म भरत बसू नका. साडेनऊच्या आत तुमच्या मॅनेजरना एक मेसेज टाका, ‘आज येऊ शकत नाही’, बस्स. फोन नाही लागला तर मेसेज पुरतो. रजेचा अर्ज कामावर परत आल्यावर दोन दिवसांत पोर्टलवर टाका. मेसेजही नाही आणि अर्जही नाही, असं झालं तरच त्या दिवसाचा पगार कापला जातो.”

या मजकुरात वेळ आहे, माणूस आहे, मुदत आहे आणि न केल्यास काय होईल तेही आहे. ऐकताना तो मैत्रीचा वाटतो, कारण ऐकणाऱ्याची ती सकाळ कशी असेल याचा विचार करून तो लिहिलेला आहे. मधूनमधून ‘मंडळी’ म्हटलं किंवा एखादा विनोद पेरला म्हणून बोलणं जवळचं होत नाही.

रजेच्या भागात सर्वांत मोठा गोंधळ उडतो तो ‘वर्षाला २६ रजा’ या वाक्याने. माणसाला वाटतं २६ रजा आजपासून आपल्या खात्यात आहेत. नमुन्यादाखल पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी धरू. तिथे वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, ज्यांना सगळे सीएल म्हणतात, आणि १८ अर्जित रजा, म्हणजे पीएल. या दोन्हींची वागणूक अगदी वेगळी आहे, आणि त्यामागे कायदा आहे. दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली जो कायदा केला, त्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली आहे. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. अर्जित रजा मात्र केलेल्या कामावर मिळते. वर्षात किमान २४० दिवस काम झालेलं असेल, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने ती पुढच्या वर्षी घेता येते. म्हणजे २६० दिवस काम झालं तर १३ दिवस. ही रजा बुडत नाही, ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरची माणसं या कायद्याच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या नियमात जे लिहिलं असेल ते लागू.

आपल्या नमुन्यातली कंपनी कायद्यापेक्षा थोडी उदार आहे. ती पुढच्या वर्षापर्यंत थांबवत नाही, महिना संपला की दीड दिवस पीएल जमा करते. पण हे वाक्य एवढंच सांगून भागत नाही. ऐकणाऱ्यासमोर खरं वर्ष मांडावं लागतं. संहितेतला हा भाग मी असा लिहिते:

“समजा तुम्ही १ जुलैला रुजू झालात. त्याच दिवशी तुमच्या खात्यात २ सीएल येतात. ३१ जुलैला दीड पीएल, ३१ ऑगस्टला आणखी दीड. सप्टेंबर उजाडला तेव्हा तुमच्याकडे किती आहेत? २ आणि ३, पाच. तुम्ही मूळचे कोकणातले आहात आणि गणपतीला गावी पाच दिवस राहायचं आहे. बरोब्बर बसतं. चतुर्थीची सुट्टी कंपनीचीच आहे, ती या पाचात धरायची नाही. पण ऑगस्टमध्ये तापाने एक दिवस घरी राहिला असाल, तर उरले चार. पाचवा दिवस घेता येईल, फक्त त्याचा पगार मिळणार नाही. तुमचा पगार महिन्याला ३६,००० असेल, तर एका दिवसाचे १,२०० कमी येतील. हे आत्ताच माहीत असू द्या, म्हणजे सप्टेंबरची पगारपावती बघून धक्का बसणार नाही.”

मी मुद्दाम जुलै निवडते आणि मुद्दाम गणपती निवडते. जानेवारीत रुजू झालेल्या माणसाचं उदाहरण सोपं असतं, पण जून-जुलैत कॉलेजातून बाहेर पडून आलेल्या मुलांना ते लागू पडत नाही. आणि नव्या माणसाची पहिली मोठी रजा बहुतेक वेळा सणालाच पडते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. लोक तिकीट आधी काढतात आणि रजा नंतर मागतात. मग एकाच आठवड्यात आठ जणांचे अर्ज येतात आणि कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. म्हणून संहितेत एक साधं वाक्य असावं: “ज्या दिवशी तिकीट काढाल, त्याच दिवशी रजेचा अर्जही टाका.” पंधरा दिवस आधी अर्ज करण्याला कायद्यातही वजन आहे. पंधरा दिवस आधी मागितलेली अर्जित रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवर साठलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो.

सणांच्या सुट्ट्या वेगळ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार कायद्यानेच पगारी आहेत, आणि आणखी चार सण मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायचे असतात. यादी भिंतीवर लावलेली असते, ती दाखवली की पुरे.

शनिवार-रविवारचा प्रश्न मात्र रेंगाळून सांगावा लागतो, कारण भांडणं तिथे होतात. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधले दोन दिवस मोजायचे का? काही कंपन्या मोजतात, काही नाही, काही फक्त बिनपगारी रजेत मोजतात. आपल्या नमुन्यातली कंपनी तिसऱ्या प्रकारची आहे. मंजूर सीएल-पीएल असेल तर मधला शनिवार-रविवार मोकळा. पण रजा शिल्लक नसताना शुक्रवार आणि सोमवार दोन्ही दिवस गेलात, तर चार दिवस धरले जातात. वरच्या पगाराला ते ४,८०० रुपये होतात. हा आकडा बोलून दाखवला की खोलीत एकदम शांतता पसरते आणि लोक लिहून घेतात. कंपनीचा नियम कोणताही असो, तो आकड्यासह सांगितलाच पाहिजे. नियम न सांगता पगार कापणं मला अन्यायाचं वाटतं, मग नियमपुस्तिकेत तो छापलेला का असेना.

आणखी दोन गोष्टी अशा आहेत की त्या नवीन माणूस विचारणार नाही, म्हणून त्या आपणहून सांगायच्या. एक म्हणजे प्रोबेशन. ‘प्रोबेशनमध्ये रजा नसते’ हा समज इतका घट्ट आहे की मुलं ताप अंगावर काढून कामावर येतात. २०१७ च्या कायद्यात किरकोळ रजेतून प्रोबेशनवरच्यांना वगळलेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बाळंतपणाची रजा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आणि त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम, एवढं सगळ्यांसमोर सांगून टाकावं. ज्या मुलीला ते हवं आहे तिला एकटीला उठून विचारायला लागू नये. आणि पुरुषांनाही ते माहीत असावं, कारण उद्या तेच कुणाचे तरी मॅनेजर होणार आहेत.

बोलीभाषेत लिहिताना एक धोका सांभाळावा लागतो. मोकळेपणाने बोलता बोलता वचन दिलं जातं. “घ्या हो, काही होत नाही”, “मॅनेजर बघून घेतील”, “अडचण असेल तर ॲडजस्ट करू”, ही वाक्यं बोलणाऱ्याला आपुलकीची वाटतात. ऐकणारा ती नियम म्हणून घरी नेतो. चार महिन्यांनी पगार कापला की तो म्हणतो, पहिल्या दिवशी तर तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून संहितेतलं प्रत्येक सवलतीचं वाक्य मी एकदा विचारून बघते: हे मॅनेजरने नाही म्हटलं तरी खरं राहील का? राहत नसेल तर त्यात कुणाच्या हातात काय आहे ते घालते. “सीएल साधारणपणे नाकारत नाहीत, पण निर्णय मॅनेजरांचा असतो. नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि पटलं नाही तर आमच्याकडे या.” स्वर तोच राहतो, फक्त खोटं आश्वासन निघून जातं.

पैशाच्या भागाकडे येऊ. हा भाग पहिल्या दिवशी सांगू नये असं माझं मत आहे. रजेचं बोलणं पहिल्या दिवशी, आणि खर्चाच्या परताव्याचं आठवडाभराने, वीस मिनिटं. पहिल्या दिवशी माणसाकडे एकही बिल नसतं. आठवड्याने निदान रिक्षाची एखादी पावती असते आणि त्याला प्रश्न पडलेले असतात.

सुरुवात मी नेहमी एकाच गैरसमजापासून करते. फोनवरचा यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. त्यात पैसे कुणाला गेले, कधी गेले, किती गेले एवढं दिसतं. कशासाठी गेले ते दिसत नाही. हॉटेलात दिलेले ५४० रुपये जेवणाचे होते की घरी न्यायच्या मिठाईचे, हे त्या चित्रावरून हिशेबनिसाला सांगता येत नाही, आणि त्याच्याकडून ते लेखापरीक्षकालाही सांगता येत नाही. बिल मागण्यात अविश्वास नसतो, हे इथेच उलगडून सांगावं. बिलावर परत दिलेला खर्च हे तुमचं उत्पन्न धरलं जात नाही. तेच पैसे बिलाशिवाय दरमहा ठोक दिले, तर ते पगारात मोडतात आणि त्यावर कर लागू शकतो. म्हणजे बिल जपण्यात कर्मचाऱ्याचाही फायदा आहे.

मग एक प्रवास पूर्ण मांडायचा. संहितेतला हा सर्वांत लांब तुकडा असतो आणि तो कापायचा मोह आवरावा:

“तुम्ही पुण्याहून नागपूरला गेलात, तीन दिवस, दोन रात्री. निघण्याआधी कंपनीने ८,००० रुपये उचल दिली. रेल्वेचं जाऊन-येऊन तिकीट २,९००. लॉजचं भाडं रात्रीला २,४००, आपली मर्यादा २,५०० आहे, म्हणजे बसलं. दोन रात्रींचे करासह ५,०४०. चेक-इन करतानाच काउंटरवर सांगा, बिल कंपनीच्या नावाने करा, आणि आपला जीएसटी क्रमांक द्या. तो पंधरा अक्षरांचा आहे आणि महाराष्ट्राचा असल्यामुळे २७ ने सुरू होतो. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. निघताना, रिक्षा दारात उभी असताना हे सांगितलंत, तर ते म्हणतात आता बदलता येत नाही.

“जेवणाला दिवसाला ६०० पर्यंत, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. पहिल्या दिवशी ५४० झाले, ५४० मिळतील. दुसऱ्या दिवशी ७१० झाले, ६०० मिळतील. तिसऱ्या दिवशी ४८०. आता तुम्ही म्हणाल, तिसऱ्या दिवशी १२० वाचले, ते दुसऱ्या दिवशीच्या ११० ला लावा. नाही लागत. मर्यादा रोजची आहे, प्रवासाची नाही. रिक्षाचे एकूण ६२०. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षांच्या पावत्या ईमेलमध्ये येतात. एक रिक्षा रस्त्यावर धरली होती, १४० रुपये, पावती नाही. त्यासाठी व्हाउचर भरायचं. कुठून कुठे, कशासाठी, किती, आणि तुमची सही.

“खर्च झाला १०,२९०. मंजूर झाला १०,१८०. उचल होती ८,०००. तुमच्या खात्यात येतील २,१८०, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे ११० तुमचे.”

हे ११० रुपये महत्त्वाचे आहेत. उदाहरणात सगळं मंजूर झालेलं दाखवलं, तर नवीन माणसाला आपला दावा पहिल्यांदा कापला गेला की वाटतं आपल्यावर संशय घेतला. मर्यादेमुळे पैसे कसे कापले जातात हे त्याने आधीच एकदा दुसऱ्याच्या हिशेबात पाहिलेलं असावं. आणि बोलणाऱ्याने आकडे सांगताना फळ्यावर लिहावेत. कानाने ऐकलेली बेरीज कुणाच्याही लक्षात राहत नाही.

बिलं हरवण्यापेक्षा पुसली जातात जास्त. पेट्रोल पंप, हॉटेल, टोल इथल्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसतेच. कागदावर उष्णतेने काळा पडणारा थर असतो. ती पावती उन्हात स्कूटरच्या डिकीत राहिली तर सगळी काळवंडते, आणि प्लास्टिकच्या पाकिटात राहिली तर अक्षरं फिकट होत जातात. लॅमिनेशन केली तर उष्णतेनेच जाते. म्हणून “पावती हातात आली की तिथेच फोटो” हे सांगायचं. फोटोत तारीख, दुकानाचं नाव आणि रक्कम तिन्ही वाचता आली पाहिजेत. हिरव्या टेबलक्लॉथवर अर्धी दुमडलेली पावती चालत नाही.

मुदतीचं कारणही सांगावं, नाहीतर ती जाचक वाटते. आपल्या नमुन्यातल्या कंपनीत प्रवास संपल्यापासून तीस दिवसांत दावा टाकायचा असतो, आणि महिन्याच्या २० तारखेपर्यंत आलेला दावा त्याच महिन्याच्या पगाराबरोबर मिळतो. २१ ला टाकलात तर पैसे पुढच्या महिन्यात. ३१ मार्चला हिशेबाचं वर्ष बंद होतं, तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या प्रवासाची बिलं मे महिन्यात घेऊन आलेल्या माणसाला हिशेब विभाग परत पाठवतो. महिना ३६,००० मिळवणाऱ्या मुलाचे २,१८० रुपये महिनाभर अडकणं ही साधी गोष्ट नाही. त्याला खोलीचं भाडं द्यायचं असतं. म्हणून उचल मागता येते, हेही ठळकपणे सांगावं. बरीच मुलं लाजेने उचल मागत नाहीत आणि मित्राकडून उसने घेऊन कंपनीच्या कामाला जातात.

बोलणं संपल्यावर “समजलं का सगळ्यांना?” असं विचारू नये. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी तीन प्रसंग द्यावेत आणि उत्तर लिहायला सांगावं. मंगळवारी सकाळी सात वाजता मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं, साडेनऊच्या आत काय कराल? ऑक्टोबरच्या १ तारखेला रुजू झालात, ३१ डिसेंबरला किती सीएल बुडू शकतील? नागपूरच्या लॉजने हाताने लिहिलेलं बिल दिलं आणि त्यावर कंपनीचं नाव नाही, तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाला ‘आठ’ लिहिणारे बरेच निघाले, तर तिमाहीने जमा होण्याचा भाग नीट सांगितला गेला नाही असं समजावं आणि तो तिथल्या तिथे पुन्हा सांगावा. बरोबर उत्तर दोन आहे.

पुढच्या महिनाभरात मनुष्यबळ विभागाकडे येणारे प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत. एकच प्रश्न तीन वेगळ्या माणसांनी विचारला, की संहितेतली ती ओळ बदलायची. आणि जानेवारीत सणांची नवी यादी आली, लॉजची मर्यादा बदलली, दाव्याची तारीख पुढेमागे झाली, की पूर्ण संहिता पुन्हा मोठ्याने वाचून काढायची, जुने आकडे खोडायचे आणि पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घालायची.